चिन्ह दिसलं म्हणजे चार्ज नव्हे

फोन दुरुस्तीच्या धंद्यात पहिली गोष्ट कळते ती ही, की गिऱ्हाईक खोटं बोलतं. "पडला नाही हो" म्हणतं आणि कोपरा चेपलेला असतो. "पाणी? छे!" म्हणतं आणि मागचं झाकण उघडलं की आत ओल. पंधरा वर्षं हेच ऐकून ऐकून माझा माणसांवरचा विश्वास उडाला, आणि त्याला मी हुशारी समजत आले. बाबा मला लाडानं 'चिमटा' म्हणतात. हातात सदा चिमटा असतो म्हणून, आणि जिभेलाही आहे म्हणून.

दादा गेल्यावर बाबा वहिनीकडेच राहिले. मी दुसऱ्या गावी, माझं दुकान, माझा संसार. वहिनीनं पाच वर्षं सासऱ्याचं सगळं केलं, आणि मी रोज दुपारी फोन करून विचारपूस केली. एवढाच माझा वाटा, पण त्याचाच मला केवढा तोरा!

गेल्या वर्षी बाबांचा फोन दुपारी बंद लागायला लागला. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "ताई, चार्जच होत नाहीये हो. रात्रभर लावला तरी सकाळी दहा टक्के."

"केबल बदल."

तिनं बदलली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. "दुसरी आण," मी म्हटलं. मग तिसरी. चौथ्यांदा तिनं तेच सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात गिऱ्हाइकांचं सगळं पुराण जागं झालं. तीन केबली बदलूनही फोन बंद? हिला बाबांनी माझ्याशी बोलायला नकोय, म्हणूनच ही सबब.

न सांगता गेले. दुपारचे दोन. बाबा खुर्चीत डुलक्या घेत होते, फोन फळीवर बंद पडलेला आणि चार्जर शेजारी गुंडाळून ठेवलेला. मी काही न बोलता केबल खोचली. क्षणात पडद्यावर विजेचं चिन्ह उमटलं.

"हे काय? होतंय की चार्ज!"

"तसं दिसतं हो, पण..."

"पण काय? माझ्या बापाला कोंडून ठेवलंस तू. मेलेल्या नवऱ्याच्या बापाचं ओझं झालं असेल तर तसं सांग."

दार उघडं होतं. समोरच्या दोन बायका बाहेरच उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. वहिनीनं आत जाऊन बाबांचे कपडे घडी करून पिशवीत भरले, गोळ्यांच्या पट्ट्या वर ठेवल्या, आणि फोन, चार्जर, केबली एका डब्यात घालून माझ्या हातात दिल्या. बाबा दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. "अगं, कुठं निघालोय आपण?" त्यांनी तिलाच विचारलं, मला नाही.

त्याला आता चार महिने झाले. तिचं काहीच नको म्हणून तो डबा मी न उघडता ठेवून दिला आणि बाबांना नवा फोन घेऊन दिला, मोठा, चकचकीत. त्यांनी हातही लावला नाही. दोन घास खातात, दाराकडे तोंड करून बसतात. रोज एकच धोशा: "मला माझा फोन दे. त्यात सूनबाईचा फोटो दाबला की तिला लागतो. तिला म्हणावं, मला घरी न्यायला ये."

काल सकाळी ते जेवणच नको म्हणाले. तेव्हा मी डबा घेऊन दुकानात आले.

खरं सांगते, फोन ठणठणीत निघेल अशीच माझी खात्री होती. डब्यात तीन केबली होत्या, प्रत्येकीला कागदाची पट्टी चिकटवलेली. वहिनीच्या अक्षरात: 'ही दहा मिनिटं चालते', 'ही उलटी लावून बघणे', 'ही वर उचलून धरली तर'. खाली एक रबरबँड आणि पुठ्ठ्याचा तुकडा, घडी करून करून मऊ झालेला. केबल तिरकी टेकवून ठेवायला असणार.

केबल खोचली. चिन्ह आलं. मग मी तेच केलं जे कुठल्याही अनोळखी गिऱ्हाइकासाठी करते आणि त्या दिवशी केलं नव्हतं: चार्जर आणि केबलच्या मध्ये करंट मोजायचा मीटर लावला आणि थांबले. दीड अँपिअरच्या आसपास दिसायला हवं होतं. काटकसर केल्यासारखं पाव दिसलं, मग शून्य, मग पुन्हा पाव. तिन्ही केबली लावून पाहिल्या, तिन्हींचं तेच. त्याच केबली दुकानातल्या दुसऱ्या फोनला लावल्या तर तिन्ही उत्तम. म्हणजे केबल निर्दोष, चार्जर निर्दोष.

फोन बंद करून पोर्टमध्ये, म्हणजे केबल खोचायच्या भोकात, उजेड टाकला. तळाशी करड्या लोकरीचा गच्च थर. बाबांच्या स्वेटरच्या खिशातला. दर वेळी पिन खोचली की तो आणखी दाबला जायचा, त्यामुळे पिन शेवटपर्यंत बसतच नव्हती. सुई कधी घालायची नाही, आतले धातूचे संपर्क वाकतात. लाकडी टूथपिक तासून चपटी केली आणि कडेकडेनं उकरलं. निघालेली लोकर नखाएवढी. मऊ ब्रश फिरवला, पुन्हा केबल लावली. आता पिन पूर्ण आत गेली आणि मीटर दीडवर चढला. मला वाटलं, चला, एवढंच होतं. केबलला बोट लागलं आणि आकडा शून्यावर आला.

भिंगाखाली धरलं. पोर्टच्या मधली चपटी पट्टी, जीभ म्हणतो आम्ही, एका बाजूला झुकलेली, तिच्यावरच्या संपर्कांचा सोनेरी मुलामा घासून गेलेला. पिन आत सैल हलत होती. असा पोर्ट चिन्ह दाखवतो, क्षणभर करंट घेतो आणि सोडून देतो. दहा टक्के. रात्रभरात दहाच टक्के. ती अक्षर न् अक्षर खरं सांगत होती.

दुकानाच्या भिंतीवर मी स्वतःच्या हातानं लिहिलेली पाटी आहे: 'चिन्ह दिसलं म्हणजे चार्ज होतो असं नाही.' शेकडो लोकांना मी ती बोट दाखवून वाचायला लावली आहे. वहिनीच्या घरी मी चिन्हाकडे किती वेळ पाहिलं? एक श्वासभर. माझी मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

पोर्ट बसवलेला चार्जिंगचा छोटा बोर्डच बदलला. वीस मिनिटांचं काम. मीटर दीडवर थांबला, केबल हलवली तरी ढळला नाही.

फोन पूर्ण चार्ज होऊ दिला, मग त्यावरूनच वहिनीचा फोटो दाबला. तिनं लगेच उचलला. "बाबा? अहो, बरे आहात ना? जेवलात?"

"मी आहे, वहिनी," मी म्हटलं. पुढं सगळं सांगितलं. लोकर, जीभ, मुलामा. माफी मागितली, आणि रडलेही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई, माझं खरं होतं हे मला माहीत होतं. ते कळायला मला मीटर लागत नव्हता."

"बाबांना घेऊन येऊ? त्यांना तुझ्याकडेच यायचंय."

ती म्हणाली, "ते घर मी सोडलं. समोरच्या बायका अजून म्हणायच्या, हिनं म्हाताऱ्याला कोंडलं. आता शाळेच्या वसतिगृहात कामाला आहे, तिथंच राहते. तिथं त्यांना ठेवता येत नाही. आणि ताई, त्यांच्याशी बोलायला लावू नका मला. त्यांनी 'ये' म्हटलं तर मी काय सांगू?"

तिनं फोन ठेवला. वर शंभर टक्के दिसत होतं.

घरी आले तर बाबा दाराशीच, हात पुढं करून. "झाला का गं नीट? लाव सूनबाईला."

मी फोन पर्समध्येच ठेवला, आणि त्यांच्या नजरेला नजर न देता म्हटलं, "नाही हो बाबा. चार्जच होत नाहीये."

बाबांनी मान हलवली. "ती पण हेच सांगायची," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.