चाळिसातून एकोणचाळीस

वेनिंगला आपल्या कामाचा गर्व होता, आणि तो अगदीच फुकाचा नव्हता. जकार्तातल्या एका कंपनीत ती टीव्हीवर कोण काय बघतं याचे आकडे जुळवायची. कोळसा खाणीच्या वसाहतीत खाणीनेच टीव्हीचे सेट-टॉप डबे फुकट वाटले होते, आणि बदल्यात खाणीला दर महिन्याला अहवाल जायचा: कुठल्या ब्लॉकमध्ये कुठला कार्यक्रम किती घरांनी पाहिला. नाव नाही, घर क्रमांक नाही. पाचपेक्षा कमी घरं असली तर आकडाच छापायचा नाही, हा नियम वेनिंगनेच घातला होता.

गेल्या महिन्यात याच खाणीतल्या वायुगळतीवरचा एक माहितीपट आला. क ब्लॉकमधल्या चाळीस घरांपैकी सहांनी तो पाहिला. पाचाच्या वर, म्हणून आकडा छापला गेला. चार दिवसांनी एका डब्याच्या क्रमांकाने अर्ज आला: आमची माहिती काढून टाका. वेनिंगने लगेच काढली. एवढंच नाही, अहवालही नव्याने करून पाठवला: एकोणचाळीस घरं, पाहणारी पाच. पाचसुद्धा नियमात बसत होते. कुणी न सांगता काम केलं म्हणून ती स्वतःवरच खूश होती. आगाऊपणा अंगाशी येतो म्हणतात ते उगाच नाही.

शुक्रवारी दुपारी ती नासी पादांगच्या भाताचा पहिला घास घेते तोच खाणीच्या हेरलाम्बांग साहेबांचा फोन आला. साहेब नेहमीसारखेच गोड बोलले.

"ताई, दोन्ही अहवाल मिळाले बरं का. शेजारी शेजारी ठेवले की कसं स्वच्छ दिसतं."

"दुसराच धरायचा, साहेब. पहिला रद्द आहे."

"रद्द कसला? सहाचे पाच झाले. म्हणजे जे घर गेलं, ते बघणारं होतं. तुमचंच गणित."

वेनिंगचा हात ताटातच राहिला. "पण कुठलं घर गेलं ते अहवालात नाही."

"अहवालात कशाला हवं? अर्ज वसाहतीच्या कचेरीतूनच येतात की. शिक्का आमचाच. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

खरंच विचारलं नव्हतं. दोन्ही अहवाल आपापल्या जागी निर्दोष होते. जुना तसाच राहू देऊन ते घर पुढच्या महिन्यापासून गाळलं असतं, तर वजा करायला काही हाती लागलं नसतं. त्या घराला लपवायला म्हणून केलेल्या दुरुस्तीनेच ते उघडं पाडलं होतं.

"साहेब, डबा चालू होता एवढंच त्यातून कळतं," ती घाईने म्हणाली. "समोर कोण बसलं होतं ते कळत नाही. कुणी झोपलेलंही असेल."

"नोकरी एकाच्याच नावावर असते ना, ताई. जेवून घ्या."

ताट तसंच टाकून ती आपल्या वरिष्ठ सेकार बाईंच्या खोलीत गेली. डबा कुणाच्या घरी आहे याची यादी कुलूपबंद होती. ती उघडायला वेनिंगचा आणि बाईंचा, दोघींचा संकेतशब्द लागायचा. हाही वेनिंगचाच नियम.

"त्या घरच्या माणसाला सावध करायला हवं, बाई. नाव आपण बघितलेलं नाही, पण खाणीकडे ते आहे."

"आणि नाव बघितलंस तर आपण त्यांच्यापेक्षा वेगळे कसे?" बाई म्हणाल्या. "माहिती काढ म्हणाला होता तो. फोन करा म्हणाला नव्हता."

"मग काय, हातावर हात ठेवून बसू?"

"कारण लिहून ठेव. तुझ्या सहीने. उत्तर तुला द्यावं लागेल." मग बाईंनी आपला संकेतशब्द टाकायला कीबोर्ड पुढे ओढला.

काढून टाकलेल्या घराचा फोन क्रमांक तेवढा यादीत उरला होता. वेनिंगने तो लावला. तिला मनापासून भीती वाटत होती, आणि ती भीती स्वतःसाठीच होती.

एका बाईने उचलला. मागे कढईत काहीतरी चरचरत होतं.

"टीव्हीच्या डब्याच्या कंपनीतून बोलतेय. तुमचे यजमान आहेत का?"

"सकाळीच कचेरीत बोलावलंय त्यांना. खाणीने दिलेले कपडे आणि ओळखपत्र घेऊन या म्हणाले." कढईची चरचर मंदावली. "तुम्हीच का त्या? आम्ही नाव काढायचा अर्ज दिला होता."

"हो."

"माझ्याचमुळे द्यावा लागला. ते पाळीवर होते तेव्हा मी एकटीने बघितलं ते. गळती झाली तेव्हा माझा भाऊ खाणीत होता ना. त्यांना तर अजून माहीतही नाही मी काय बघितलं ते. उगाच त्रास नको, म्हणून मीच अर्जावर सही करायला लावली." आवाज खाली आला. "ताई, नाव काढलंत ना तुम्ही? कुठे राहिलं तर नाही?"

वेनिंगने पडद्याकडे पाहिलं. तिथे एकोणचाळीस घरं होती.

"काढलं," ती म्हणाली. "कुठेच राहिलेलं नाही."

"देव तुमचं भलं करो," बाई म्हणाली. "येतीलच आता ते, जेवायला."