काल झाडावर, आज बरणीत

ओट्यावरचा फोन थरथरला आणि शेजारच्या रिकाम्या काचेच्या बरणीला लागून किणकिणला. घर तोवर अगदी गप्प होतं. लेक नुकतीच झोपली होती. तिच्या डोक्याखालून हात अलगद सोडवून घेऊन ती स्वयंपाकघरात आली होती, आणि आता श्वास रोखून उभी राहिली. आतून काही आवाज आला नाही. मग तिनं फोन उचलला.

"लोणचं कडू आहे. साल चामड्यासारखी लागते. नवऱ्यानं ताटात तसंच टाकलं."

हा तिसरा निरोप होता. पहिला सकाळी आला तेव्हा तिनं स्वतःची समजूत घातली होती, एखाद्याच्या जिभेचं काही सांगता येत नाही. दुसरा आला तेव्हा तो तिनं दोनदा वाचला. आता समजूत घालायला काही उरलं नव्हतं.

परवाच तिच्या आनंदाला पारावार नव्हता. परिसरातल्या घरगुती विक्रेत्यांचा आणि त्यांच्या गिऱ्हाइकांचा फोनवर एक गट होता आणि तो एक निवृत्त शाळामास्तरीण चालवायची. सगळे तिला गटमावशी म्हणत. मावशीचा नियम कडक होता: आठवड्यातून दोनदाच पाळी, एकच फोटो, खाली एकच ओळ. "निबंध लिहिलात तर लोक अंगठ्यानं वर सरकवतात," असं ती दर महिन्याला बजावायची.

हिनं पहिल्या वेळी निबंधच लिहिला होता. घरच्या चवीचं, मायेनं केलेलं, आंबट, तिखट, किंचित गोडसर, तेलाशिवाय, महिनाभर मुरू द्या, बरणी रोज हलवा, चमचा कोरडा वापरा. फोननं पहिल्या दोन ओळी दाखवल्या आणि बाकीचं 'आणखी वाचा'च्या मागे गडप केलं. एकाही बरणीला गिऱ्हाईक मिळालं नाही.

मग ती खोडत बसली. लेकीला भरवताना खोडलं, कपडे वाळत घालताना खोडलं. माया गेली, गोडसर गेलं. गल्लीच्या टोकाच्या शिंपीणबाईंच्या अंगणातलं झाड लिंबांनी वाकलेलं होतं, लिंबं त्यांनीच काढून दिली होती. तेवढंच खरं आणि तेवढंच सुंदर, असं तिला वाटलं. शेवटी उरलं ते एवढंच:

काल झाडावर, आज बरणीत.

नणंदेनं फोनवर वाचलं आणि शिट्टीच मारली. "वहिनी! तोंडाला पाणी सुटलं गं. माझी एक बाजूला ठेव." सगळ्या बरण्या संध्याकाळपर्यंत गेल्या. नवरा कामावरून आला तेव्हा शेल्फ रिकामं बघून म्हणाला, "चोरी झाली का?" आणि ती हसत सुटली होती. काल तिनं शिंपीणबाईंकडून आणखी लिंबं आणून नव्या बरण्याही भरल्या होत्या.

आता मात्र तिला लख्ख कळलं. लोकांनी वाचलं 'आज', आणि लगेच उघडलं. खोडता खोडता तिनं मुरायचंच खोडून टाकलं होतं. तिला, तिच्या आईला, सासूबाईंना हे सांगायची कधी वेळच आली नव्हती. लिंबाचं लोणचं घातल्या दिवशी कोण खातं? मिठानं साल मऊ व्हायला, कडवटपणा जायला दिवस लागतात, हे त्यांच्या घरात कुणी कुणाला शिकवलंही नव्हतं. झाकणावरच्या चिठ्ठीवर तिनं नुसती तारीख लिहिली होती. आणि तारीखही विकल्या दिवशीचीच, म्हणजे अगदी ताजं!

फोन वाजला. गटमावशी.

"अगं पोरी, काय घालून ठेवलंस त्यात? माझ्या मैत्रिणीची सून दात धरून बसलीय."

"मावशी, लोणचं चांगलं आहे हो. अजून मुरायचंय."

"मग तसं लिहायचं नाही का?"

"लिहिलं होतं. पहिल्या वेळी. कुणी वाचलं नाही."

मावशी जरा खालच्या आवाजात म्हणाली, "हे बघ, तुझी पाळी आज आहे. दोघीतिघींनी तक्रार केली की मी पाळी काढून घेते, सगळ्यांना तोच नियम. तुला संध्याकाळपर्यंत वेळ देते. नीट लिही. ओळ एकच हं. तुझ्यासाठी नियम बदलायची नाही मी."

फोन ठेवला तर नणंदेचा निरोप वाट बघत होता: "वहिनी, तू लोणचं विकतेस की औषध?" पुढे हसरा चेहरा. एरवी तिनंही चार टोमणे परत मारले असते. आज डोळे भरून आले. पाळी गेली तर पुन्हा कोण विचारणार होतं? लेक झाल्यापासून स्वतःचं म्हणावं असं हे एकच काम होतं.

तिनं आधी तिघींना लिहिलं: "चूक माझी. बरणी टाकू नका. रोज हलवा, उन्हात ठेवा, महिन्यानं चाखा. तेव्हाही आवडलं नाही तर परत घेईन." मग ओळीला हात घातला.

'मुरल्यावरच खा.' हे तर औषधाच्या बाटलीवरचं वाटलं. 'ताजं, पण आज नको.' मग घ्यायचं कशाला, असं कुणीही म्हणेल. 'सावकाश मुरणारं लिंबू.' यात झाडच गेलं. तिनं शेल्फाच्या मागून घरच्यासाठी ठेवलेली जुनी बरणी काढली, झाकण उघडलं. रस दाट झाला होता, फोडी काळपट तांबूस. एक फोड जिभेवर ठेवली तर साल दाताशिवायच विरघळली, आधी आंबट, मग मागून हळूच तिखट. हे कसं सांगायचं एका ओळीत?

"मला पण."

लेक दारात उभी. गालावर उशीची घडी उमटलेली, एक पाय दुसऱ्यावर.

"उठलीस पण? ये, बोटाएवढंच हं."

लेकीनं चाटलं, एक डोळा मिटला, खांदे वर गेले, आणि बोट पुन्हा पुढे आलं. तिला कडेवर घेऊन ती ओट्याला टेकली. फोनवरची जुनी ओळ अजून तशीच होती. काही सुचेना, तेव्हा तिनं ती गोष्ट सांगावी तशी मोठ्यानं वाचली. "काल झाडावर. आज बरणीत."

"मग?" लेक म्हणाली.

कुठलीही गोष्ट कुठेही थांबली की तिचं हे ठरलेलं. ससा घरी गेला, मग? राजा झोपला, मग? एरवी या 'मग'नं जीव नकोसा व्हायचा. आज ती लेकीकडे बघतच राहिली.

"मग..." ती हळूच म्हणाली, "महिन्यानं जिभेवर."

लेकीनं जीभ बाहेर काढून दाखवली.

एका हातानं तिनं टाइप केलं. काल झाडावर, आज बरणीत, महिन्यानं जिभेवर. फोनवर एका ओळीत मावलं, काही गडप झालं नाही. तारखेच्या चिठ्ठीवरही आता 'भरलं' आणि 'उघडा' अशा दोन तारखा लिहायच्या, हे तिनं मनाशी पक्कं केलं. नव्या बरण्यांशेजारी जुनी उघडी बरणी ठेवून फोटो काढला आणि अंगठा दाबला.

मावशीचा अंगठा लगेच आला. एवढंच, पुढे अक्षर नाही. वाचणाऱ्यांच्या यादीत एक नाव आलं, मग दुसरं. लोक वाचत होते. आज घेऊन महिनाभर नुसतं बघत बसायचं असलं काही कोण मागवतं? त्या तिघी बरण्या उन्हात ठेवतील, की एव्हाना मोरीत ओतल्या असतील? तिनं फोन ओट्यावर ठेवला, बरणीपासून दूर. मग उचलून पुन्हा बरणीला टेकवून ठेवला, वाजला तर कळावं म्हणून.

बरणी गप्प होती.

लेकीनं तिची हनुवटी दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवली.

"आई, मग?"