तीन खोल्यांतून बेल

मितालीने अकरावीत शाळेला टाटा केलं, तेव्हापासून तिच्या डोक्यावर कुणी बर्फ ठेवला तरी वाफच निघायची. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात बसचा पत्ता नाही, म्हणून सकाळी सातला आईला हॉस्पिटलमधून घरी आणायचं काम तिचं. आई म्हणजे करुणा, युनिव्हर्सिटीत नर्सिंग शिकणारी आणि रात्री वॉर्डात असिस्टंट म्हणून राबणारी. नोकरी कॅज्युअल. मॅनेजर ग्लेनिसचा मेसेज आला तर शिफ्ट, नाही आला तर फी कुठून भरायची ते आपलं आपण बघा.

त्याच ग्लेनिसने विचारलं होतं, "तुझी मुलगी रॅप लिहिते ना? नर्सेस डेला बोर्डावर लावायला एक कविता दे म्हणावं. रात्रपाळीवर. छोटी. एका कागदात बसेल अशी. पेशंटचं नाव नको, ओळखू येईल असं काही नको."

मिताली आईसमोर फोन घेऊन बसली.

"सांग. काय करता रात्रभर?"

"काय करणार? काम."

"आई, कविता लिहायचीय. 'काम' लिहून देऊ?"

मग करुणा बोलायला लागली. ज्यांना स्वतःला वळता येत नाही त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोघी लागतात त्याला. टॉर्च जमिनीकडे धरायचा, तोंडावर नाही. श्वास चालू आहे ना हे छातीकडे बघून कळतं. पहाटे एखादे आजोबा उठून बसतात, गाई वाट बघतायत म्हणतात. त्यांच्याशी वाद घालायचा नाही. गाई किती, विचारायचं.

"आणि एकाच वेळी सगळे बोलावतात तेव्हा?"

"तेव्हा ठरवायचं, आधी कुणाकडे."

ते सगळं मितालीने आधी मराठीत, मग इंग्लिशमध्ये उतरवलं. शेवट असा होता:

तीन खोल्यांतून बेल, आणि मी एकटी.
कुणाला थांबवायचं, हे रोज मीच ठरवते.

"हे नको गं," करुणा म्हणाली. "बोर्ड कॉरिडॉरमध्ये असतो. नातेवाईक वाचतील."

"खोटं आहे का?"

"खरं आहे, म्हणूनच म्हणते."

तरी करुणाने कागद नेऊन दिला. ग्लेनिसने गोड हसून घेतला, आणि बोर्डावर लागला तेव्हा शेवट बदलला होता. 'शांत रात्री, पांढऱ्या पंखांनी देवदूत जागतात.'

मितालीने पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर बुक्की मारली. "पंख? तुमचा युनिफॉर्म नेव्ही ब्लू आहे!"

पण ग्लेनिसची खरी चूक दुसरीच होती. ती वर्षानुवर्षं दिवसपाळीची. रात्रपाळीत 'शांत' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. काढला की आख्खा वॉर्ड उठून बसतो, अशी सगळ्यांची खात्री. आणि हिने तो छापून लावला!

नर्सेस डेच्या सकाळी मिताली आत गेली, तर चार्ट बघणं, दिवसपाळीकडे हँडओव्हर सगळं आटपलं होतं आणि केक निघाला होता. बोर्डावरच्या त्या ओळीवर मलमपट्टीची पांढरी टेप आडवी मारलेली.

"हे कुणी केलं?" ग्लेनिस.

"मी," रात्रीचा इनचार्ज कुमार म्हणाला. "काल रात्री दोन पेशंट पडले, एकाला आयसीयूत हलवलं. तो शब्द तिथे राहणार नाही."

"गंमत पुरे. मोकळी जागा कशी दिसेल?"

"मोकळी कशाला?" मितालीने खिशातून आपला मूळ कागद काढला. "हा लावा."

"मिताली, गाडीत बस," करुणा पुटपुटली.

ग्लेनिसने कागदावर नजर टाकली. "स्वीटहार्ट, हे वाचून लोकांना वाटेल आपल्याकडे माणसं कमी आहेत."

"कमीच आहेत!"

"तुला काय माहीत? तू इथे काम करत नाहीस."

मितालीचे कान तापले. ती तोंड उघडणार, तेवढ्यात करुणाने तिच्या हातून कागद काढून घेतला.

"मी करते," ती म्हणाली. "त्या ओळी माझ्या आहेत. हिने फक्त लिहून घेतल्या. नातेवाइकांना वाचू दे. बेल दाबून जे वाट बघत असतात, त्यांना आधीच ठाऊक आहे."

तिने टेपवाला कागद उपटला, त्याच पिना आपल्या कागदाला लावल्या आणि खाली नाव लिहिलं: करुणा वाघमारे, रात्रपाळी.

"चहा झाला की मी काढेन हा," ग्लेनिस म्हणाली.

"काढ," कुमार केक कापत म्हणाला. "माझ्याकडे फोटो आहे. रात्री परत छापू."

गाडीत बसल्यावर मितालीने विचारलं, "आता शिफ्टचा मेसेज नाही आला तर?"

करुणाने सीट मागे केली, बूट काढले.

"नाही आला तर दुसरं हॉस्पिटल. रात्री जागणारी माणसं कमी आहेत, हे आपण आत्ताच लिहून आलोय ना? चल, गाडी काढ."