एकशे दहाची लादी

सईदाभाभीचा अकोल्यात बर्फाचा कारखाना. जागा भाड्याची. आम्ही चौघं तिथं लाद्या काढायचो, लादीमागे पंचवीस रुपये मजुरी. जूनमध्ये मूर्तिजापूर रोडला दुसरा कारखाना उघडला अन् दीडशेची लादी एकशे पस्तीसवर आली.

भाभीचा दीर दानियाल अर्धा भागीदार. तो आमच्यासमोरच ओरडला, "महिन्याले पंचवीस हजार खड्ड्यात चालले, भाभी! कुलूप लावा!"

"लाव. मंग भाड्याचे साठ हजार अन् मीटरच्या स्थिर आकाराचे पंधरा हजार कोन भरीन? करार फेब्रुवारीपर्यंत आहे. बंद ठेवलं तं पंच्याहत्तर जातात, चालवलं तं पंचवीस. एका लादीले वीज, पाणी, मीठ पंच्याऐंशी रुपये, मजुरी पंचवीस. लादी एकशे दहाले पडते. त्याच्यावरचं भाड्यात जाते. डोकं आहे का नाही तुले?"

जुलैत भाव एकशे पंधरा झाला. नुकसान पासष्ट हजारांवर गेलं. दानियाल रोज शिव्या घालायचा, भाभी मशीन बंद करेना. आम्ही तिला वाघीण म्हणायचो.

ऑगस्टमध्ये भाव एकशे पाच. सकाळीच भाभी म्हणाली, "आजपासून बंद."

आता दानियाल भडकला. "आता? दोन महिने भरले ते कायले? त्या रोडवाल्याले रडवू!"

"गेले ते गेले. आता लादीमागे पाच रुपये घरचे. महिन्याच्या दोन हजार लाद्या. पंच्याहत्तर हजारांच्या जागी पंच्याऐंशी हजार घालवू?"

दानियाल आमच्याकडे वळला. "मजुरी पंधरा करा. लादी शंभरात पडीन. कारखाना चालीन."

हिशोब खरा होता. म्हणूनच माझं टाळकं सरकलं. भाडं कमी होत नव्हतं, वीज कमी होत नव्हती, कमी व्हायचा तो फक्त आमचा घास!

माझ्या शेजारी सुगत उभा होता. तो हळूच म्हणाला, "बंडूभाऊ, घरी बसण्यापेक्षा पंधरा तरी..."

"उद्या रोडवाल्यानं लादी पंचाण्णव केली तं दहा घेशीन का?"

भाभी माझ्याकडे पाहत होती. तिला वाईट वाटत होतं असं मी लिहिणार नाही. ती वाट पाहत होती.

"वीस," मी म्हणालो.

"वीसनं एकशे पाचलेच पडते. मले एक रुपया राहत नाही. चालवू कायले?"

"मंग नोका चालवू."

"बंडू, वेडेपणा करू नको."

"भाभी, तुमच्या भाड्याले आमचे दहा रुपये लागतात, हे सरळ बोला ना!"

"हो, लागतात," ती म्हणाली. "देतो का?"

"नाही."

तिनं स्वतः खटका पाडला. कॉम्प्रेसर घरघरत थांबला. दानियाल थुंकला, "भिकारडे साले."

"भाव चढला का बोलावते," भाभी म्हणाली.

"पंचवीसच घेईन."

दुसऱ्या दिवशी मी मूर्तिजापूर रोडच्या कारखान्याच्या फाटकावर गेलो. सुगत माझ्या आधीच आत होता. तिथं लादीमागे अठरा देत होते.