खोडलेली तिसरी ओळ

मुलुंडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या बी डिव्हिजनमध्ये वर्गप्रतिनिधीसाठी दोनच जण उभे होते, केयूर आणि प्रांजल. प्रत्येकाने एका पानाचा जाहीरनामा फळ्याशेजारी लावायचा, असा अनुपमा मॅडमचा नियम. केयूरच्या पानावर रंगीत अक्षरांत होतं, ‘बदल हवा, केयूर हवा!’ प्रांजलच्या पानावर निळ्या पेनाने तीन ओळी होत्या. तास रद्द होणार असला तर आदल्या संध्याकाळी ग्रुपवर निरोप, म्हणजे सकाळी सातला उगाच धावत यायला नको. दर महिन्याच्या पंधरा तारखेला हजेरीची यादी वर्गात, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर कुणाची पंचाहत्तर टक्क्यांत वाट लागायला नको. आणि वाचनालय चारपर्यंत उघडं.

शेवटची ओळ सगळ्यांच्या तोंडी झाली. पण मतदानाच्या सकाळी ग्रंथपाल नंदाताईंनी प्रांजलला जिन्यातच गाठलं. “अगं, मी त्या दिवशी घाईत हो म्हटलं. पण शिपाई दोनला जातो. कुलूप कोण लावणार?”

तोंडी हो मिळालं की काम झालं, असं प्रांजलने धरलं होतं. गप्प राहिली असती तर मतदान होईपर्यंत कुणाला कळलंही नसतं. पण घरी धाकूआजोबांनी जाहीरनाम्याचा कच्चा कागद वाचून घेतला तेव्हाच आपल्या मालवणीत बजावलं होतं, “जा हातात नाय, ता कागदार घालू नको गो.”

ती वर्गात आली, सरळ पानापाशी गेली आणि तिसरी ओळ खोडली. बाजूला लिहिलं, ‘शिपाई दोनपर्यंतच. मी नीट विचारून घेतलं नाही, माझी चूक.’

“अरे, उद्घाटनाआधीच पूल पडला!” केयूर ओरडला. वर्ग खो खो हसला.

मागच्या बाकावरून गंधाली उठली. घरी सहा माणसं, एक खोली. वाचनालयाची खरी गरज तिलाच होती. “उरलेल्या दोनचं काय गं? तेही असंच, नीट न विचारता लिहिलंस?”

“नाही. हजेरीचं ऑफिसला लेखी दिलंय, सही आहे. निरोपाचं मॅडमशी बोलणं झालंय.”

“बरोबर आहे,” अनुपमा मॅडम म्हणाल्या.

गंधालीने केयूरकडे वळून विचारलं, “आणि तुझा बदल म्हणजे नक्की काय रे?”

“म्हणजे… सगळंच ना, यार!”

आता हसणं दुसऱ्या बाजूला गेलं. केयूरही हसला.

चिठ्ठ्या मोजल्या. प्रांजल चौतीस, केयूर सत्तावीस.

मॅडम पानं काढायला गेल्या, तर केयूर म्हणाला, “तिचं राहू द्या, मॅडम. वर्षभर बघणार आम्ही.”

“बघच!” प्रांजल म्हणाली. तिने सुटलेला कोपरा टाचणीने पक्का केला. खोडलेली ओळ तिला आता सलत नव्हती. ताठ मानेने तिने ती तशीच राहू दिली.

मग वही उघडून तिने पहिलं पत्र लिहायला घेतलं. शिपायाच्या वेळेबद्दल, प्राचार्यांना.