शोधपेटीतलं मराठी

आरोग्यमाहितीच्या त्या मराठी संकेतस्थळाचे संचालक स्वतःला भाषेचे राखणदार समजत. सगळे त्यांना पाठीमागे 'शुद्धलेखन' म्हणत.

बैठकीत संपादक बाई म्हणाल्या, "आपल्या शोधपेटीत अर्धे लोक मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात. पेटी फक्त देवनागरी ओळखते. लेख असूनही त्यांना काहीच सापडत नाही. एकेका लेखाला दोन्ही लिप्यांतले शोधशब्द जोडू या."

शुद्धलेखनांनी चष्मा पुसला. "रोमनात मराठी लिहिणारा वाचक आपल्याला नकोच. शिकू दे त्याला टाइप करायला."

"आजारी माणूस आधी टायपिंग शिकेल आणि मग शोधेल, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"विषय संपला."

बाईंना त्या चष्म्याची कीव येत असे. त्यातून माणसं दिसत नव्हती, फक्त वेलांट्या दिसत होत्या.

त्यानंतर एका दुपारी शुद्धलेखनांच्या नातवाने खेळण्यातला गोल सेल गिळला. सून एकटी होती. सासऱ्यांच्याच संकेतस्थळावर तिने घाईघाईने टाइप केलं: balane cell gilla. पडद्यावर आलं: 'काहीही आढळले नाही.' मग तिने gilala करून पाहिलं. तेच. शेवटी भलत्याच कुठल्यातरी संकेतस्थळावर 'केळं खाऊ घाला, आपोआप पडेल' असं मिळालं आणि ती वाट पाहत थांबली. मूल लाळ गाळू लागलं तेव्हा कुठे दवाखाना गाठला. अन्ननलिका भाजली होती, पण सेल निघाला आणि मूल वाचलं.

'उलटी करवू नका, वाट पाहू नका, थेट रुग्णालयात न्या' हे सांगणारा लेख शुद्धलेखनांनी स्वतः तपासला होता. अनुस्वारासकट.

"बाबा, तुमचा लेख मला का नाही दिसला?" सुनेने रुग्णालयातच विचारलं.

"तू देवनागरीत लिहायला हवं होतंस," ते म्हणाले.

ती उठून नवऱ्याजवळ जाऊन बसली. पुढे कितीतरी दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

सोमवारी त्यांनी फर्मान काढलं: सगळी शीर्षकं रोमनात करा.

"ते का?" बाई म्हणाल्या. "देवनागरीत शोधणारेही आहेतच, आणि शीर्षक वाचायचं असतं. ते देवनागरीतच राहू दे. पानाचा पत्ता रोमनात ठेवू. शोधपेटीला gilla, gilala, gilale, सगळी रूपं एकाच शब्दाची म्हणून शिकवू. एकच स्पेलिंग बरोबर धरून चालणार नाही."

"करा काय ते," ते पुटपुटले.

बाईंनी संध्याकाळपर्यंत औषधं, विषबाधा आणि भाजणं एवढ्या विभागांना दोन्ही लिप्यांतले शोधशब्द जोडून घेतले. महिन्याभराने शुद्धलेखनांनी एका परिसंवादात भाषण ठोकलं: 'वाचक ज्या लिपीत हाक मारेल, त्या लिपीत ओ द्यावी.' टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बसलेल्या बाई तेवढ्यात उठल्या आणि ऑफिसला गेल्या. लहान मुलांच्या तापाचा विभाग अजून बाकी होता.