पावणेसहाची बॅच

शिवगंगा मॅडम कडक होत्या आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. उन्हाळी सुट्टीत किल्लारीच्या मैदानावर त्या पोरींना खो-खो शिकवायच्या. उशिरा आलेल्या पोरीने आधी मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या, मग तोंड उघडायचं, हा त्यांचा कायदा. कलेक्टरची लेक आली असती तर तिलाही त्यांनी पळवलं असतं.

मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकला. हवामान खात्याचा इशारा आला तसा मॅडमनी पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, तीव्र उन्हामुळे आठची बॅच उद्यापासून पावणेसहा ते सव्वासात या वेळेत होईल. मुलींना थोडं खाऊ घालून, पाण्याची बाटली आणि टोपी देऊन पाठवावे. उशिरा येणाऱ्या मुलीने आल्याबरोबर पाच फेऱ्या माराव्यात. सबब चालणार नाही.’ शेवटच्या दोन ओळी जुन्या मेसेजातल्या. वेळ बदलली, उन्हाची काळजी घातली आणि त्या ओळी तशाच राहिल्या. खाली अंगठ्यांची रांग लागली. मॅडमनाही आपण फार समंजसपणा दाखवला असं वाटलं.

चार दिवस बॅच गार हवेत झकास झाली. नव्हती ती फक्त लुंबिनी, तेरणेकाठच्या गावातली. पळण्यात तिचा हात धरणारी दुसरी पोरगी नव्हती. पाचव्या दिवशी जिल्हा संघासाठी नावं पाठवायची होती. बॅच सोडून मॅडम घरी आल्या, चहा झाला, नऊ वाजत आले, तरी पेन तिच्या नावावरच अडलेलं. गुण आहेत पण शिस्त नाही, नाव काढलेलं बरं, असं ठरवून त्यांनी तिच्या वडलांना फोन लावला.

“व्यंकटीभाऊ, लुंबिनीचं नाव काढून राहिले मी. पाच दिवस झाले, पोरगी मैदानावर न्हाई.”

“असं कसं मॅडम? रोज येऊन राहिली की,” व्यंकटी म्हणाला. “साडेसातच्या जीपमधी मी सोता बसवतो. त्याच्याआधी आमच्याकडून गाडीच न्हाई. आता बी तिथंच आसंल.”

“पण बॅच तर सव्वासातलाच सुटते.”

“हाव, ठावं हाय. म्हनून तर आल्याबरोबर पाच फेऱ्या मारती, मग एकटीच खेळती, अन् दहाच्या जीपनं माघारी येती.”

“मग मला कळवलं का न्हाई?”

“सबब चालत न्हाई म्हून लिव्हलं होतं ना तुम्ही.”

मॅडम तशाच उठल्या. चप्पल कुठली, किल्ली कुठली, काही सुचेना. स्कूटी काढली तेव्हा सीट हाताला चटका देत होती. मैदान पाच मिनिटांच्या वाटेवर, पण त्या पाच मिनिटांत त्यांनी स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या जन्मात कुणाला दिल्या नव्हत्या.

मैदानावर चिटपाखरू नव्हतं. पार पलीकडच्या कोपऱ्यात, खांबाजवळ लुंबिनी पालथी पडली होती.

“लुंबिनी! ए बाळा!”

पोरीने डोळे किलकिले केले. “मॅडम, चक्कर आली वाटतं,” ती पुटपुटली. अंग तापलेलं, जीभ कोरडी पडलेली. मॅडमनी तिला उचलून कडुलिंबाच्या सावलीत नेलं, एकशेआठला फोन लावला, बुटांच्या नाड्या सोडल्या. आपली ओढणी मैदानातल्या टाकीच्या पाण्यात भिजवून तिच्या मानेवर, काखेत ठेवली आणि घाईत बरोबरच आलेल्या यादीच्या वहीने वारा घालत राहिल्या. पाणी पाजायची त्यांना घाई झाली होती, पण पोरगी नीट बोलू लागेपर्यंत त्यांनी हात आवरला. मग घोट घोट पाजलं.

अँब्युलन्स आली. दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, “वेळेत आणलं. अजून थोडा वेळ उन्हात पडली असती तर अवघड होतं.”

निरोप मिळाल्यावर तासाभराने व्यंकटी कुणाच्या तरी मोटारसायकलवर पोचला. आता हा आपल्याला चार लोकांत आडवंतिडवं बोलणार, आणि बोललंच पाहिजे, असं मनाशी म्हणत मॅडम उभ्या राहिल्या. त्याने लेकीच्या कपाळावर हात ठेवला, मग मॅडमसमोर येऊन हात जोडले.

“आमचंच चुकलं, मॅडम. तिचं नाव काढू नका. उद्यापासून चारला पायी निघंल ती. मी येतो संगं.”

मॅडमनी त्याचे जोडलेले हात धरून खाली केले.